हुकमाचा कुत्रा नको

गुडघाभर गवताच्या पट्ट्यात ट्रेनर एक रबरी चेंडू भिरकावतो. वर्षा-दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर तो पडताना पाहतो आणि पट्ट्याला हिसके द्यायला लागतो, पण त्याला लगेच सोडत नाहीत. गळपट्टा धरून त्याला दोन-तीन वेळा गोल फिरवतात, म्हणजे चेंडू नेमका कुठे पडला ही दिशा त्याच्या डोक्यातून जाते. मग मोकळा सोडतात. आता डोळ्यांचा उपयोग नाही, शोधायचं ते नाकानेच. ट्रेनर घड्याळाकडे बघत उभा राहतो. काही ठिकाणी चेंडू प्रत्यक्षात टाकतही नाहीत, नुसती हूल देतात, कारण बघायचं असतं ते सापडतो का हे नव्हे, तर कुत्रा किती वेळ शोधत राहतो हे.

एखादा कुत्रा मिनिटभर हुंगतो आणि मालकाच्या पायाशी येऊन शेपटी हलवत उभा राहतो. घरात असा कुत्रा सगळ्यांचा लाडका होईल. इथे मात्र तो नापास. दुसरा कुत्रा पाच मिनिटं झाली, जीभ बाहेर आली, हाका मारल्या, तरी गवतातून बाहेर यायला तयार नसतो. स्फोटकं किंवा अमली पदार्थ हुंगण्याच्या कामासाठी हाच हवा असतो. चेंडूसाठी तो वेडा असतो आणि त्याचं पुढचं सगळं प्रशिक्षण या वेडाच्या जोरावरच होतं.

कामाचा कुत्रा म्हणजे हुकमाचा ताबेदार, असं आपण समजतो. पोलिसांच्या श्वानपथकाची प्रात्यक्षिकं बघून तर ही समजूत पक्कीच होते: बस म्हटलं की बसतो, सलाम म्हटलं की पंजा उचलतो. पण नुसता आज्ञाधारक कुत्रा हुंगायच्याही कामाचा नाही आणि अंध माणसाला रस्ता दाखवायच्याही कामाचा नाही. दोन्ही कामांत एक वेळ अशी येते की माणूस चुकलेला असतो आणि कुत्र्याने त्याचं ऐकायचं नसतं. निवड आणि शिक्षण हा सगळा खटाटोप त्या वेळेसाठी असतो.

आधी हुंगणाऱ्यांकडे बघू. महाराष्ट्राला या बाबतीत जंजीरची आठवण आहे. अमिताभच्या सिनेमावरून नाव ठेवलेला हा सोनेरी लॅब्रॅडॉर पुण्यात तयार झाला आणि १९९२च्या अखेरीस मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात दाखल झाला. पुढच्या मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. त्यानंतर त्याने शोधून दिलेल्या मालाची नोंद ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब अशी आहे. हाडांच्या कर्करोगाने २००० साली तो गेला, तेव्हा पोलीस इतमामात त्याला निरोप दिला गेला. जंजीर गुणी होता यात शंका नाही. पण तो जे करत होता त्याच्या मुळाशी चेंडूचाच खेळ होता. आरडीएक्स म्हणजे काय, हे त्याला कधीच कळलेलं नव्हतं.

तो खेळ असा लावतात. एका ओळीत एकसारखे पत्र्याचे डबे मांडायचे, प्रत्येकाच्या झाकणाला भोकं. एकाच डब्यात स्फोटकाचा नमुना, बाकीचे रिकामे. हॅण्डलर कुत्र्याला ओळीने हुंगवत नेतो. योग्य डब्यापाशी कुत्रा क्षणभर थबकतो. नाकाची फुरफुर वाढते, शेपटी ताठ होते, पुढे गेलेलं डोकं झटकन मागे वळतं. सुरुवातीला त्याला या वासाचं काहीच महत्त्व नसतं. नवा वास आला म्हणून तो थांबतो, एवढंच. पण त्याच क्षणी चेंडू येऊन डब्याजवळ पडतो, आणि जणू डब्यातूनच उडाला असं त्याला वाटलं पाहिजे. असं पुन्हा पुन्हा झालं की तो वास म्हणजे चेंडू हे समीकरण पक्कं होतं. मग त्यात बसण्याची भर घालतात: डब्यापाशी येऊन बसलास तरच चेंडू. स्फोटकांच्या कुत्र्याला बसूनच इशारा द्यायला शिकवतात, कारण पंजाने उकरलं तर काय होईल ते सांगायला नको. अमली पदार्थांच्या कुत्र्याला पूर्वी सर्रास उकरू देत, अजूनही काही ठिकाणी देतात.

यात सगळी गोम वेळेची आहे. चेंडू एक-दोन सेकंद उशिरा आला, तर तेवढ्यात कुत्र्याने मान वळवून हॅण्डलरकडे पाहिलेलं असतं. म्हणजे बक्षीस मिळालं ते हॅण्डलरकडे पाहण्याचं. असं वीस-पंचवीस वेळा घडलं की कुत्रा डब्यापेक्षा माणसाचा चेहरा वाचायला लागतो, आणि ही खोड नंतर मोडणं फार जड जातं.

दुसरा घोळ असा की कुत्रा आपल्याला हवं तेच शिकेल याची खात्री नसते. नमुना रोज नव्या कोऱ्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवला, तर तो नव्या पिशवीचा वास शिकतो. नमुना रोज एकच माणूस लपवत असेल, तर तो त्या माणसाच्या पावलांचा माग काढत जातो आणि सगळे खूश होतात. म्हणून इतर डब्यांतही रिकाम्या पिशव्या, हातमोजे, चिकटपट्टी, खाण्याचे पदार्थ ठेवावे लागतात आणि लपवणारा माणूस बदलावा लागतो. सगळे नमुने एकाच कपाटात ठेवले तर आणखी वेगळी पंचाईत होते. डायनामाइटसारख्या उग्र वासाच्या स्फोटकाचा वास शेजारच्या सौम्य वासाच्या मालाला लागतो. कुत्रा पाचही नमुने बरोबर ओळखतो, पण खरं तर तो पाचही वेळा एकच उग्र वास ओळखत असतो. म्हणून प्रत्येक नमुना वेगळ्या हवाबंद डब्यात ठेवायचा आणि प्रत्येकासाठी हातमोजेही वेगळे वापरायचे, असा दंडक असतो.

आरडीएक्सची तर मोठी गंमत आहे. या पदार्थाची वाफ जवळजवळ होतच नाही. त्यामुळे त्यापासून बनवलेल्या मालात कुत्र्याला बऱ्याचदा जो वास सापडतो, तो त्याला मऊ करण्यासाठी घातलेल्या किंवा बनवताना मागे राहिलेल्या द्रावकांचा असतो. कोकेनचंही तसंच आहे. कुत्रे त्यातून सुटणाऱ्या मिथाइल बेंझोएट नावाच्या गोडसर वासाच्या द्रव्यावर जातात. म्हणूनच एकाच कारखान्याच्या मालावर शिकवून भागत नाही. प्रमाणही बदलत राहावं लागतं. कायम शंभर ग्रॅमवर शिकलेला कुत्रा वीस किलोंच्या साठ्यापाशी गोंधळू शकतो, कारण सगळी खोलीच वासाने भरलेली असते आणि उगम कुठे ते त्याला उमगत नाही.

कुत्र्याच्या नाकाची रचना या कामाला किती साजेशी आहे, ते हुंगताना दिसतं. हुंगताना तो सेकंदाला साधारण पाच वेळा हवा आत-बाहेर करतो. आत घेतलेल्या हवेचा आठवा हिस्साच नाकाच्या मागच्या, वास ओळखणाऱ्या कप्प्यात जातो. बाकीची हवा थेट फुप्फुसाकडे. उच्छ्वास मात्र नाकपुडीच्या बाजूच्या फटींतून मागच्या अंगाला सोडला जातो, त्यामुळे समोरची हवा ढवळली न जाता उलट नव्याने नाकाकडे ओढली जाते. हे सगळं तोंड मिटलेलं असताना चालतं. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. अंग थंड करायचं तर जीभ काढून धापा टाकायच्या, आणि धापा टाकणारा कुत्रा धड हुंगू शकत नाही. एप्रिल-मे महिन्यात रेल्वे स्थानकावर दुपारी दोन वाजता आणलेल्या कुत्र्याकडून सकाळच्या कामाची अपेक्षा करणं फोल आहे. जाणता हॅण्डलर वीस मिनिटं-अर्धा तास काम झालं की त्याला सावलीत नेतो, पाणी पाजतो. मोठा सभामंडप तपासायचा असेल तर कुत्रे पाळीपाळीने लागतात. बंदोबस्ताच्या घाईत हे पाळलं जातंच असं नाही.

पण नाकापेक्षा अवघड प्रश्न दोरीच्या दुसऱ्या टोकाला असतो. २०११ साली लिसा लिट या अमेरिकी संशोधिकेचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ती स्वतः पूर्वी कुत्र्यांची हॅण्डलर होती. पोलीस आणि तत्सम खात्यांतल्या अठरा प्रशिक्षित जोड्यांना एका चर्चच्या खोल्यांत शोध घ्यायला सांगितलं. हॅण्डलरना सांगितलं होतं की खोल्यांत माल लपवलेला असू शकतो, आणि काही ठिकाणी लाल कागद लावलेला दिसेल, तिथे तो आहे. प्रत्यक्षात कुठेच काही नव्हतं. १४४ फेऱ्यांपैकी फक्त २१ फेऱ्यांत हॅण्डलरने ‘काही नाही’ असं सांगितलं. बाकी फेऱ्यांत मिळून २२५ खोटे इशारे नोंदले गेले, आणि लाल कागदापाशी त्यांची गर्दी होती. काही खोल्यांत कुत्र्यांना भुलवायला चेंडू आणि सॉसेज लपवले होते. त्यांच्यापेक्षा कागदाचा प्रभाव जास्त पडला. कुत्र्याला लाल कागदाचा अर्थ कळत नाही. अर्थ माणसाला कळत होता. त्याची पावलं तिथे मंदावली असतील, दोरी जरा सैल पडली असेल, किंवा कुत्रा नुसता थबकला तरी यानेच तो इशारा मानला असेल.

आपल्याकडच्या बातम्यांत एक ठरलेलं वाक्य असतं: श्वानाने अमुक चौकापर्यंत माग काढला आणि ते तेथेच घुटमळले. ते वाचताना मला नेहमी वाटतं की चौकापर्यंत कुत्रा गेला की हॅण्डलर, हे कोणी पाहिलं का? सर्वोच्च न्यायालयानेही महाराष्ट्रातल्याच अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार खटल्यात माग काढणाऱ्या कुत्र्याच्या पुराव्याला फारसं वजन द्यायला नकार दिला. कुत्र्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून उलटतपासणी घेता येत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो हॅण्डलर, आणि कुत्र्याच्या तर्कावर माणसाचं स्वातंत्र्य टांगणं बरं नव्हे, असा त्यातला रोख आहे.

यावर उपाय आहे, पण कष्टाचा. माल कुठे आहे, मुळात आहे की नाही, हे हॅण्डलरला माहीत नसताना सराव करायचा, आणि परीक्षा घेणाऱ्यालाही ते माहीत नसलं तर उत्तम. सरावात मुद्दाम अशा खोल्या ठेवायच्या जिथे खरोखरच काही नाही, आणि पूर्ण खोली हुंगून न बसता बाहेर आलेल्या कुत्र्याला मानाने बाहेर आणायचं. पुढच्या खोलीत सोपा नमुना ठेवून त्याला चेंडू मिळवून द्यायचा, म्हणजे त्याचा उत्साह टिकतो. ज्या पथकात प्रत्येक सरावाला काहीतरी सापडतंच, तिथला कुत्रा खोलीत शिरतानाच बसायची जागा शोधत असतो. हॅण्डलर एका कोपऱ्यात तिसऱ्यांदा घेऊन गेला तरी तिथे काही नसेल तर न बसणं, ही चांगल्या कुत्र्याची खरी कसोटी.

अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्याचं गणित वरवर पाहता याच्या अगदी उलट आहे. इथे नाक जमिनीला लावणं हाच दोष. चेंडू दिसला की पिसाळणारा कुत्रा माणसाला घेऊन रस्त्याच्या मधोमध जाईल. हवा असतो तो शांत, चटकन न दचकणारा आणि दचकला तरी लगेच सावरणारा. पिल्लू काही आठवड्यांचं असताना त्याच्यासमोर छत्री फटकन उघडतात, पत्र्याचं ताट खाली पाडतात. दचकला म्हणून कोणी त्याला नापास करत नाही. पुढच्या काही सेकंदांत तो पुढे होऊन ताट हुंगायला येतो की टेबलाखालीच बसून राहतो, त्याची नोंद होते.

जर्मनीत ओल्डेनबर्ग इथे १९१६ साली, पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी अशी पहिली शाळा निघाली. अमेरिकेतली ‘द सीइंग आय’ ही शाळा १९२९ची. तिच्या आदल्या वर्षी मॉरिस फ्रँक नावाचा अंध तरुण स्वित्झर्लंडहून बडी ही जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन न्यूयॉर्कला उतरला आणि पत्रकारांच्या देखत त्याने गाड्यांनी गजबजलेला वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखवला. आज या कामात जर्मन शेफर्ड कमी आणि लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर किंवा या दोघांचा संकर जास्त दिसतो.

मोठ्या शाळा स्वतःच पैदास करतात. पिल्लू दोन महिन्यांचं झालं की एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात जातं आणि वर्षभर तिथे वाढतं: बस, लिफ्ट, बाजार, मुलांचा गोंधळ, सगळं अंगवळणी पडतं. मग शाळेत चार-सहा महिने खरं शिक्षण. फुटपाथच्या कडेला थांब. खड्ड्याला वळसा घाल. स्वतः सहज जाऊ शकशील अशा झाडाच्या फांदीखालून मात्र जाऊ नकोस, कारण मागच्या माणसाचं कपाळ तिथे आपटेल. कुत्र्याला स्वतःच्या उंचीपलीकडचा विचार करायला लावणं हे या शिक्षणातलं सर्वांत चिवट काम आहे. ट्रेनर फांदीपाशी मुद्दाम थबकतो, फांदीवर थाप मारतो, मागे येतो, पुन्हा चालतो. कुत्रा बाजूने गेला की खाऊ.

एक गैरसमज इथेच निस्तरलेला बरा. कुत्रा सिग्नलचे रंग वाचत नाही आणि बँक कुठे आहे हेही त्याला माहीत नसतं. वाटेचा नकाशा माणसाच्या डोक्यात असतो. वाहनांचा आवाज ऐकून कधी ओलांडायचं ते माणूसच ठरवतो आणि ‘पुढे’ म्हणतो. कुत्र्याचं काम त्यानंतर सुरू होतं. आवाज न करता येणारी बॅटरीवरची गाडी वळणावर आली, तर तो हुकूम मोडून जागच्या जागी थांबतो, किंवा माणसाला मागे रेटतो.

हे शिकवतात कसं? ट्रेनरचा सहकारी गाडी चालवतो. कुत्रा आणि ट्रेनर रस्त्याच्या कडेला उभे. गाडी आडवी येत असतानाच ट्रेनर ‘पुढे’ म्हणतो. कुत्रा आतापर्यंत हा शब्द ऐकला की निघायचं एवढंच शिकलेला असतो, म्हणून निघतो. गाडी त्यांच्यापुढे करकचून थांबते, ट्रेनर घाबरल्यासारखा झटकन मागे सरतो, कुत्र्यालाही मागे घेतो. पुढच्या वेळी कुत्रा पाऊल टाकताना बिचकतो, आणि त्या बिचकण्यालाच भरघोस शाबासकी मिळते. हळूहळू गाडी लांबून, वेगवेगळ्या बाजूंनी, मागे येत असतानासुद्धा आणतात. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधलेला ट्रेनर खऱ्या रस्त्यावर त्याच्याबरोबर चालतो. इथे तोल साधणं महत्त्वाचं. गाडीने फार घाबरवलं तर कुत्रा रस्ता ओलांडायलाच तयार होत नाही आणि इतक्या महिन्यांची मेहनत वाया जाते. फार सांभाळलं तर तो हुकमाला चिकटून राहतो. मनाने फार हळवा आणि फार बेफिकीर, दोघेही इथेच गळतात.

एवढ्या निवडक पैदाशीतूनही साधारण निम्मी पिल्लंच शेवटपर्यंत पोचतात. बरीचशी बाद होतात ती भीतीमुळे किंवा दुसऱ्या कुत्र्यांकडे लक्ष जाण्यामुळे. काही कंबरेच्या सांध्याच्या किंवा त्वचेच्या विकारामुळे. २०१७ साली ‘सीइंग आय’च्या ९८ पिल्लांवर झालेल्या अभ्यासात एक मजेशीर गोष्ट दिसली. आई आडवी पडून, सदैव जवळ राहून पाजते, अशी लाडावलेली पिल्लं मोठेपणी जास्त नापास झाली. उभी किंवा बसून पाजणाऱ्या, मधूनमधून उठून जाणाऱ्या आयांची पिल्लं जास्त यशस्वी ठरली. दूध मिळवायला त्यांना लहानपणीच खटपट करावी लागली होती. यावरून आयांनी काय शिकावं असा धडा काढायला मी धजणार नाही, कारण अभ्यास कुत्र्यांचा आहे.

नापास झालेला कुत्रा वाया गेलेला नसतो. गाइड डॉगच्या शाळेत ‘फार चंचल, नाक सतत खाली, खेळण्यासाठी हट्टी’ असा शेरा मिळालेला लॅब्रॅडॉर स्फोटकं शोधणाऱ्या पथकांना हवाच असतो आणि अमेरिकेत अशी देवाणघेवाण चालते. एकाच विणीतली दोन भावंडं दोन्ही कामांत दिसू शकतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात असं दिसलं की, अपंगांच्या मदतीसाठी तयार होणाऱ्या कुत्र्यांपैकी न सुटणारं कोडं समोर आल्यावर माणसाच्या डोळ्यांत बघणारे पुढे जास्त यशस्वी होतात. स्फोटकं शोधणाऱ्यांमध्ये मात्र तग धरला तो अल्पकाळची स्मरणशक्ती चांगली असलेल्यांनी आणि माणसाने हाताने दाखवलेली दिशा पटकन समजणाऱ्यांनी. म्हणजे दोघांनाही माणूस समजावा लागतो, फक्त किती वेळ त्याच्याकडे बघायचं, हे कामाप्रमाणे बदलतं.

भारतात हुंगणारे कुत्रे तयार करणाऱ्या संस्था आहेत: लष्कराचं मेरठचं केंद्र, सीमा सुरक्षा दलाचं ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरचं. लष्कराने कर्नाटकातल्या मुधोळ हाउंडलाही अलीकडे मेरठला आजमावलं. गाइड डॉग मात्र आपल्याकडे जवळपास दिसतच नाहीत. कारण विचारलं की बहुतेक जण खर्चाकडे बोट दाखवतात, आणि खर्च मोठा आहेच. पण आधीची अडचण रस्त्यावरच आहे. या कुत्र्याचं सगळं शिक्षण फुटपाथच्या कडेवर उभं आहे. कड आली की थांबायचं आणि माणसाला कळवायचं. आपल्या शहरांत फुटपाथ अचानक संपतो, त्यावर दुचाकी उभ्या असतात, पुढे टपरी असते आणि कुत्रा इमानेइतबारे दर दहा पावलांना थांबत राहील. त्यातून गल्लीतली भटकी कुत्री. हार्नेसमधला कुत्रा त्यांच्या हद्दीत शिरला की ती टोळीने धावून येतात, आणि ज्याला दुसऱ्या कुत्र्याकडे बघूसुद्धा नको असं वर्षभर शिकवलं, तो आपल्या माणसाला सोडून पळू शकत नाही की उलटून भांडूही शकत नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या अंध माणसाच्या हातात आजही पांढरी काठीच असते, आणि ती खड्ड्यापाशी थांबवते तेव्हा कानावर पडणारं मागून येणाऱ्या रिक्षाचं भोंपू हेच बहुतेकदा त्याचं दुसरं साधन.